उडी न मारता बर्पी

‘बर्पी’ हे नाव आता आपल्या घरांतूनही ऐकू येऊ लागले आहे. व्यायामशाळेतून परतलेली मुले ते सांगतात, आणि आई-वडिलांनाही दिवाणखान्यात उभे करून तो प्रकार करावयास लावतात. उभे राहावयाचे, खाली बसून हात जमिनीवर टेकावयाचे, पाय उडवून मागे न्यावयाचे, पुन्हा उडवून पुढे आणावयाचे आणि शेवटी हात वर करून उंच उडी घ्यावयाची, असा हा व्यायाम. विशीतल्या पायांना तो मानवतो. पण जिना उतरताना ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी काय करावे, असे आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हांस विचारले. त्यांचे वय ५२. मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी १० बर्प्या एका दमात केल्या आणि पुढचे दोन दिवस कठड्याला धरून जिना उतरल्या. त्यांना आम्ही जे सांगितले, तेच आज येथे लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. उडी हा या व्यायामाचा मूळ भागच नव्हे. रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथे तो योजिला, तो माणसाच्या प्रकृतीची परीक्षा घेण्यासाठी. बैठक, पाय मागे, पाय पुढे, उभे राहणे, एवढेच त्याचे चार भाग. असे केवळ चार वेळा करावयाचे आणि आधीची व नंतरची नाडी मोजावयाची. शेवटची उंच उडी व मधला जोर ही पुढच्या काळातील भर होय. म्हणून उडी गाळणाऱ्याने आपण काही अर्धवट करीत आहोत असे मानण्याचे कारण नाही.

गुडघ्याला त्रास होतो तो तीन ठिकाणी. पहिले, हात जमिनीला पोचावेत म्हणून आपण खोल बैठक घेतो तेथे; गुडघा जितका अधिक वाकतो तितकी त्याची वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. दुसरे, पाय उडवून पुढे आणताना. तेव्हा पूर्ण वाकलेल्या गुडघ्यावर एकाएकी भार येतो. तिसरे, उंच उडीवरून खाली येताना. त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पायांवर पडतो. या तिन्ही जागा बदलल्या की झाले. हातांखालची जागा उंच करावी, पाय उडविण्याऐवजी एकेक करून टाकावेत, आणि उडीच्या जागी केवळ टाचा उचलाव्यात.

यासाठी एक भक्कम लाकडी खुर्ची घ्यावी. घडीची किंवा चाकांची खुर्ची मुळीच नको. तिची पाठ भिंतीला टेकवून बैठक आपल्याकडे करावी. पायांत मोजे नसावेत आणि खाली सतरंजी नसावी, दोन्ही घसरतात.

आता कृती. खुर्चीपासून एक पाऊल अंतरावर, पायांत वीतभर अंतर ठेवून उभे राहावे. मागे स्टूल आहे आणि त्यावर टेकावयाचे आहे अशा रीतीने खुबे मागे न्यावेत आणि पाठ सरळ ठेवून पुढे वाकावे. गुडघे थोडेच वाकतील. नडग्या जवळजवळ उभ्याच राहिल्या पाहिजेत. तळहात खुर्चीच्या बैठकीच्या दोन्ही कडांवर टेकावेत. खांदे मनगटांच्या वर आले की उजवा पाय मागे टाकून चवड्यावर ठेवावा, मग डावा. आता डोक्यापासून टाचांपर्यंत शरीर एका तिरप्या रेषेत आले पाहिजे. कंबर खाली झुकत असेल तर पोट आत ओढावे. येथे एक श्वास थांबावे.

मग उजवा पाय जेथून गेला तेथेच परत आणावा, आणि त्यापाठोपाठ डावा. टाचांनी जमीन दाबीत, खुब्यांतून सरळ होत उभे राहावे. हात वर न्यावेत, टाचा उचलाव्यात आणि सावकाश खाली ठेवाव्यात. ही एक बर्पी झाली. पुढच्या वेळी डावा पाय आधी टाकावा; कारण जो पाय प्रथम पुढे येतो त्याच्यावर अधिक भार पडतो, आणि तो नेहमी एकाच गुडघ्याने सोसू नये. श्वास कोंडू नये. मोठ्याने अंक मोजले की तो आपोआप चालू राहतो.

चूक बहुधा एकाच जागी होते. पाय पुढे आणताना पाऊल आखूड पडते, टाच अधांतरी राहते आणि गुडघा बोटांच्या पुढे जातो. सगळा भार वाटीवर येतो तो येथे. मान खाली घालून पाहावे. टाच टेकलेली नसेल तर एका पावलाऐवजी दोन लहान पावलांनी पुढे यावे. तेही जमत नसेल तर खुर्ची अद्याप आपल्याला ठेंगणी आहे असे समजावे, आणि भिंतीशी लावलेल्या जड जेवणाच्या टेबलापासून आरंभ करावा.

आमच्या शिक्षिकाबाईंनी असेच केले. पहिले दोन आठवडे टेबलाच्या कडेवर हात ठेवून ५ बर्प्या, एक मिनिट विश्रांती, असे तीन वेळा. आणि हे आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये निदान एक दिवस सोडून. तिसऱ्या आठवड्यात त्या खुर्चीवर आल्या आणि सहाव्या आठवड्यात पाचांच्या आठ केल्या. मग त्यांना धीर आला व त्यांनी हात थेट जमिनीवर टेकून पाहिले. त्या वेळी काही जाणवले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघे आखडले. त्या निमूटपणे खुर्चीकडे परतल्या आणि आजही तेथेच आहेत. दमछाक हवी तर खुर्चीवरही होते: करताना चार शब्द बोलता यावेत, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

त्यांच्या अनुभवातून निघणारी कसोटी अशी. दुखणे शून्य ते दहा असे मोजले, तर व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुडघा पूर्ववत झाला पाहिजे. झाला नाही तर हातांची जागा उंच करावी किंवा संख्या कमी करावी.

काहींनी मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे: ज्यांचा गुडघा सुजतो, अडकतो किंवा चालताना एकाएकी निसटतो ते, आणि ज्यांना हृदयाचा विकार किंवा वाढलेला रक्तदाब आहे ते. वाकून उठताना चक्कर आली तर थांबून बसावे. छातीत दुखू लागले तर व्यायाम तेथेच सोडून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. मनगटे दुखत असतील तर तळहाताऐवजी मूठ वळून टेकावी, किंवा टेबलाची कड पकडावी.

शिक्षिकाबाईंचा मुलगा अजूनही उड्या मारतो. आई त्याच्या शेजारी खुर्ची ओढून घेते, आणि दोघांची मोजणी बरोबरच चालते.