भावाचं घर की वडिलांचं?

शहाडहून एका भगिनीचं आठ पानी पत्र आलं आहे. नाव अर्थातच छापत नाही. पत्र लांबलचक असलं तरी दुखणं एकच आहे, आणि तसंच दुखणं असलेली आणखी तीन-चार पत्रं गेल्या वर्षभरात माझ्याकडे पडून आहेत. म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि हे एकच घेते.

ताईंचे वडील रेयॉनच्या कारखान्यात नोकरीला होते. स्वतःच्या कमाईतून त्यांनी शहाडला जागा घेतली आणि तीन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. १९८४ साली ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. मागे आई, दोन मुलगे आणि ही एक मुलगी. ताईंचं लग्न होऊन त्या डोंबिवलीला गेल्या, धाकटा भाऊ नोकरीनिमित्त नाशिकला गेला, घरात थोरला भाऊ राहिला तो आजतागायत. आई १९९८ मध्ये वारली. धाकटा भाऊ २०१२ मध्ये गेला, त्याच्या मागे बायको आणि एक मुलगा. थोरल्याने कौलं काढून स्लॅब टाकला, घरपट्टी भरली, मिळकत पत्रिकेवर एकट्याचं नाव लावून घेतलं आणि २००९ पासून मागची खोली भाड्याने दिली. आता त्या ओळीतली सगळी घरं पाडून इमारत व्हायची आहे. ताईंनी हिश्शाचा विषय काढला तेव्हा भाऊ म्हणाला, "चाळीस वर्षं मी इथे राहतो. बारा वर्षांनी हक्क संपतो, वकिलाला विचार."

मला विचारलंत ते बरं केलंत, ताई. बारा वर्षांची गोष्ट खोटी नाही, पण ती बारा वर्षं कधीपासून मोजायची हे तुमच्या भावाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आधी हिस्सा किती ते पाहू. वडिलांची स्वकष्टाची मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू. बायको आणि मुलं सगळी सारखी वारस. (वडिलांची आई हयात असती तर तिचाही वाटा निघाला असता, तुमच्या पत्रावरून ती आधीच गेली होती.) म्हणजे १९८४ साली रुपयातले चार आणे आईचे आणि चार-चार आणे तिघा भावंडांचे. १९९८ मध्ये आईचे चार आणे तुम्हां तिघांत सारखे वाटले गेले. म्हणून आज तुमचा एक तृतीयांश, थोरल्याचा एक तृतीयांश आणि धाकट्याचा एक तृतीयांश, तो त्याच्या बायकोचा आणि मुलाचा निम्मा-निम्मा. पुष्कळ बायकांना वाटतं की मुलींना हक्क २००५ सालीच मिळाला. तो बदल वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपुरता होता. बापाच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे.

आता मुख्य मुद्दा. परक्या माणसाने आपल्या जागेत घुसून राहणं वेगळं आणि सख्ख्या भावाने बापाच्या घरात राहणं वेगळं. सहवारसांपैकी एक जण घरात राहतो तेव्हा कायदा असं धरून चालतो की तो सगळ्यांच्या वतीने राहतो आहे. त्याचा ताबा तो तुमचाही ताबा. बहीण भाडं मागायला आली नाही, घरपट्टीत पैसे घातले नाहीत, वर्षानुवर्षं फिरकली नाही, एवढ्याने तिचा हक्क जात नाही. उत्तर प्रदेशातल्या करबलाई बेगम या विधवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली हेच सांगितलं. तिच्या वाट्याची शेतजमीन नातेवाइकांनी चकबंदीच्या वेळी आपल्या नावावर करून घेतली होती. उत्पन्नात भाग घेतला नाही म्हणून सहहिस्सेदार बेदखल झाला असं होत नाही, असा तो निकाल.

मग घड्याळ चालू कधी होतं? भाऊ उघडपणे "हे माझं एकट्याचं आहे, तुझा काही संबंध नाही" असं म्हणतो, तसा वागतो आणि ते तुम्हाला कळतं, त्या दिवसापासून. तिथून बारा वर्षं तुम्ही गप्प राहिलात तर मात्र हक्क जाऊ शकतो. असा नकार दिला होता, तो कोणत्या तारखेला दिला आणि बहिणीला तो माहीत होता, हे सगळं सिद्ध करण्याची जबाबदारी भावावर असते. चाळीस वर्षांची घरपट्टीची पुस्तकं दाखवून ते भागत नाही. मिळकत पत्रिकेवरचं नावही तसंच. त्या नोंदी सरकारी हिशेबासाठी असतात, त्यांनी मालकी जन्माला येत नाही.

शिवाय १९८४ ते २००५ या काळात तुम्ही का बोलला नाहीत, असं कोर्टात विचारलं तर त्याला चोख उत्तर आहे. घरची माणसंच राहत असलेल्या घराची वाटणी मुलीने मागायची नाही, मुलगे वाटणी करतील तेव्हाच तिला वाटा, असं त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात होतं. ९ सप्टेंबर २००५ ला ते कलम रद्द झालं. तोवर तुमची वाट कायद्यानेच अडवलेली होती.

पण ताई, तुमच्या पत्राच्या सहाव्या पानावर एक ओळ आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत आणि मी तिथेच थबकले. २०१५ च्या गणपतीत मामांच्या देखत भाऊ म्हणाला, "या घराशी तुझा संबंध संपला," आणि माहेर तुटू नये म्हणून तुम्ही प्रसाद घेऊन निघून आलात. भावाचा वकील नेमकी हीच तारीख धरील. तुमचा वकील म्हणेल की ते रागाच्या भरातलं बोलणं होतं, आणि त्याला आधारही आहे: २०१९ मध्ये भावानेच निरोप पाठवून पालिकेच्या कामासाठी तुमची सही मागितली. संबंध संपलेल्या बहिणीची सही कुणी मागतं का? तो निरोप फोनवर असेल तर पुसू नका. तरी या युक्तिवादावर विसंबून बसू नका. बारा वर्षं २०१५ च्या सप्टेंबरपासूनच मोजली जातील असं धरा आणि २०२७ चा गणपती यायच्या आत दावा दाखल झालेला असू द्या.

दुसरी धास्ती सह्यांची. आई गेल्यावर भावाने "वारस नोंदीसाठी" दोन कागदांवर तुमच्या सह्या घेतल्या, त्यात काय लिहिलं होतं ते आठवत नाही, असं तुम्ही म्हणता. या एका गोष्टीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. ते नुसतं प्रतिज्ञापत्र किंवा जबाब असेल तर बिघडत नाही. साध्या मुद्रांकावर "हक्क सोडला" असं लिहून घेतलेलं आणि नोंदणी न केलेलं असेल, तरी घरातला हक्क त्याने सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणी झालेलंच लागतं. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन तुम्ही सही-अंगठा केला असेल तर वाट बिकट आहे. फसवून घेतलं असेल तर ते रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत.

म्हणून पहिलं काम कागदांचं. घर कल्याण-डोंबिवली पालिकेत मोडतं की उल्हासनगरच्या, ते घरपट्टीच्या पावतीवर पाहा आणि त्या पालिकेतून आकारणीचा जुना उतारा काढा. नगर भूमापन कचेरीतून मिळकत पत्रिका घ्या आणि तुमच्या भावाचं नाव ज्या फेरफाराने लागलं त्याच्या सगळ्या कागदांच्या नकला मागा. "अन्य वारस नाहीत" असं भावाने लिहून दिलेलं अशाच कागदांत सापडतं, आणि ते त्याच्यावरच उलटतं. दुय्यम निबंधकाकडे तुमच्या नावाने हक्कसोडपत्र आहे का, याचा शोध आईच्या मृत्यूच्या सालापासून घ्या.

हक्कसोडपत्र निघालं नाही तर वकिलामार्फत भावाला नोटीस द्या आणि तिची प्रत बिल्डरला. सगळ्या वारसांच्या सह्या नसलेल्या जागेत शहाणा बिल्डर पैसा घालत नाही. पुष्कळ भांडणं इथेच मिटतात. नाही मिटलं तर कल्याणच्या दिवाणी न्यायालयात वाटप आणि स्वतंत्र ताब्याचा दावा, सोबत निकाल लागेपर्यंत भावाने जागेचा करार करू नये म्हणून मनाईचा अर्ज. मिळकतीच्या वादात बाईने लावलेल्या दाव्याला महाराष्ट्रात १९९४ च्या शासन अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. वकिलाला आठवण करा, काही जण विसरतात.

कोर्ट आधी कुणाचा वाटा किती ते ठरवतं, मग प्रत्यक्ष वाटणी. तीन खोल्यांचे तुकडे कसे करणार? त्यासाठी १८९३ चा वाटणी कायदा आहे. घर विभागता येण्याजोगं नसेल तर ते विकून पैसे वाटा असं कोर्टाला सांगता येतं, पण तशी विनंती करणाऱ्यांचा वाटा मिळून निम्मा तरी हवा. तुमचा एकटीचा तिसरा हिस्सा पुरत नाही. नाशिकची वहिनी आणि तिचा मुलगा तुमच्या बाजूला आले तर दोन तृतीयांश होतात. विक्रीची मागणी झाली की भावाला कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तुमचे वाटे विकत घेण्याची संधी मिळते, म्हणजे त्याला घर राहतं आणि तुम्हाला पैसे. वहिनी आणि तिचा मुलगा यांना दाव्यात पक्षकार तर करावंच लागतं. एकही वारस गाळला तर दावा तिथेच लंगडा पडतो.

भावाचंही थोडं बोलायला हवं. स्लॅबचा खर्च त्याने केला आहे, तो हिशेबात धरून मागण्याचा त्याला हक्क आहे आणि कोर्ट साधारणपणे तो धरतं. तो स्वतः राहिला म्हणून तुम्ही त्याच्याकडे चाळीस वर्षांचं भाडं मागू नका, ते मिळणं कठीण, आणि मागितलंत तर समेटाचं दार मात्र बंद होईल. मागच्या खोलीचं भाडं वेगळं. ते बाहेरच्या माणसाकडून आलेले पैसे आहेत, त्यात तुमचा वाटा मागायला हरकत नाही.

भूमापन कचेरीत जाल तेव्हा सगळ्या नकला दोन-दोन काढा. एक संच नाशिकला वहिनीकडे पाठवा, सोबत दोन ओळींची चिठ्ठी. तिला अजून कुणी काही सांगितलंच नसेल अशी मला शंका आहे.