अंड्याविना कपकेक, वाफेविना डबा

शाळेच्या बेक सेलसाठी जमलेल्या पालकांना संयोजक ताईंनी एकच सोपा पदार्थ सुचवला: दह्याचे कपकेक. एक वाटी दह्यात अर्धा चमचा सोडा आणि एक चमचा बेकिंग पावडर घालून ते फसफसू द्यायचं. अंड्याचं फुगवण्याचं काम हेच करतं. मग पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, दीड वाटी मैदा हलक्या हाताने मिसळून लगेच भाजायचं. मिश्रण ठेवलं तर केक दडस होतो. पॅकिंगबद्दल त्या ठाम होत्या. कपकेक जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. झाकणाला आतून दव दिसलं, तर घाई झाली समजा. त्या ओलाव्याने केक चिकट होतो. डबा एकाच थराचा हवा आणि त्यावर गहू, दूध आणि घातला असेल तर सुकामेवा ठळक लिहा. ॲलर्जी असलेल्या मुलासाठी ही चिठ्ठी मला सर्वांत मोलाची वाटते.