विश्लेषण : कोळसा आला नाही, तरी ‘आला’ कसा धरला जातो?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील कोल इस्टेटमध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडचे, म्हणजे ‘वेकोलि’चे मुख्यालय आहे. तेथून काही किलोमीटरवर कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची औष्णिक वीज केंद्रे आहेत. विक्रेता आणि ग्राहक एकाच जिल्ह्यात, दोन्ही सरकारी. तरीही २०१२ मध्ये महानिर्मितीने वेकोलि, महानदी कोलफिल्ड्स आणि त्यांची मूळ कंपनी कोल इंडिया यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाचे दार ठोठावले. वाद कोळशाच्या दर्जाचा होता, तसाच कराराच्या अटींचाही होता. दीर्घकालीन पुरवठा करारात सही करणाऱ्याचे हात नेमके कोठे बांधले जातात, हे समजून घ्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

‘घ्या किंवा पैसे द्या’ म्हणजे काय?

दीर्घकालीन करारात ग्राहक वर्षाला ठरावीक माल घेण्याचे वचन देतो. माल कमी उचलला तरी ठरलेल्या किमान मालाचे पैसे किंवा भरपाई द्यावी लागते. यालाच ‘टेक ऑर पे’ म्हणतात. महाराष्ट्राला हा प्रकार एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने शिकवला. वीज घेतली नाही तरी तेव्हाच्या राज्य वीज मंडळाला क्षमतेपोटी स्थिर आकार द्यावाच लागत होता.

अशी अट मुळातच अन्यायकारक नसते. खाण, गॅसवाहिनी किंवा वीज केंद्र उभारणाऱ्याने कर्ज घेतलेले असते आणि ग्राहकाने ऐनवेळी पाठ फिरवली तर हप्ते थांबत नाहीत. त्यामुळे किमान खरेदीची हमी मागणे रास्त आहे. मात्र ग्राहक कमी उचलण्याची किंमत मोजणार असेल, तर विक्रेत्यानेही कमी पुरवठ्याची तेवढीच किंमत मोजली पाहिजे. कोळशाच्या करारात खरी मेख इथेच आहे.

गणित कसे चालते?

२००७ च्या नव्या कोळसा वितरण धोरणानंतर वीज केंद्रांशी ‘इंधन पुरवठा करार’ झाले. त्यात वर्षाचे कंत्राटी प्रमाण ठरते. जुन्या केंद्रांच्या करारांत पुरवठा या प्रमाणाच्या ९० टक्क्यांखाली गेला तर विक्रेत्याने भरपाई द्यायची आणि उचल ९० टक्क्यांखाली गेली तर ग्राहकाने, अशी रचना होती. वरवर पाहता दोन्ही पारडी समान दिसतात.

फरक आहे तो मोजणीत. कोल इंडियाच्या नमुना करारात ‘पुरवठ्याची पातळी’ काढताना प्रत्यक्ष दिलेल्या कोळशात आणखी तीन गोष्टी मिळवल्या जातात. पहिली, ‘मानीव पुरवठा’. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणातला हाच तो ‘मानीव’. म्हणजे घडले नाही, पण घडले असे धरायचे. विक्रेत्याने देऊ केलेला, पण ग्राहकाने न उचललेला किंवा पैसे थकल्यामुळे रोखलेला कोळसा यात येतो. दुसरी गोष्ट म्हणजे नैसर्गिक आपत्तीसारख्या अपरिहार्य कारणाने न देता आलेला कोळसा. तिसरी, विक्रेत्याने मागणी नोंदवूनही रेल्वेने वाघिणी न दिल्याने खाणीवरच राहिलेला कोळसा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्षाचे कंत्राटी प्रमाण १० लाख टन आहे. केंद्रात प्रत्यक्ष पोहोचला ७ लाख २० हजार टन. रेल्वेने वाघिणी न दिल्यामुळे ९० हजार टन राहिला, मानीव पुरवठा ६० हजार टन आणि अपरिहार्य कारणाचा ३० हजार टन. बेरीज होते बरोबर ९ लाख टन, म्हणजे ९० टक्के. बॉयलरसाठी कोळसा ७२ टक्केच आला, पण कागदावर विक्रेत्याने करार पाळला. भरपाई शून्य.

मानीव पुरवठ्याचे ६० हजार टन ग्राहकाच्या चुकीचे असतील, तर ते त्याच्या खात्यावर जाणे योग्यच. पण रेल्वेचे ९० हजार टन ग्राहकाच्या हातातही नव्हते. तरी त्याची झळ पूर्णपणे त्यालाच बसते. वीज केंद्राला मग आयातीचा किंवा लिलावातला महाग कोळसा घ्यावा लागतो आणि तो खर्च शेवटी वीजदरात उतरण्याची वाट शोधतो.

भरपाईचा दर किती महत्त्वाचा?

अट असणे पुरेसे नसते, दरही पाहावा लागतो. एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रपतींच्या नावाने निघालेल्या निर्देशानंतर कोल इंडियाने नव्या वीज केंद्रांना ८० टक्के पुरवठ्याची हमी देणारा करार आणला. त्यात पुरवठा कमी पडल्यास दंड होता तुटीच्या किमतीच्या ०.०१ टक्के, तोही पहिली काही वर्षे नाहीच. म्हणजे १०० कोटींचा कोळसा कमी पडला तर भरपाई एक लाख रुपये. वीज कंपन्यांनी सह्या करायला नकार दिला आणि नंतर दर वाढवावा लागला. भरपाई इतकी किरकोळ असेल तर हमी फक्त शब्दात राहते.

स्पर्धा आयोगाने काय केले?

यात ग्राहकाला दुसऱ्या दुकानात जाण्याचा मार्ग जवळपास नव्हता. एकाच विक्रेत्याकडून घेण्याची अट साधारणपणे करारात लिहिलेली असते. इथे ती कायद्यानेच तयार केली होती. १९७३ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यामुळे देशातील कोळशावर कोल इंडियाचीच पकड होती. त्यामुळे करारावर ग्राहकाची सही असली तरी त्यामागे खरी वाटाघाट झाली का, हा प्रश्न निर्माण होतो.

डिसेंबर २०१३ मध्ये आयोगाने वर्चस्वाचा गैरवापर झाल्याचे ठरवले, १,७७३.०५ कोटींचा दंड लावला आणि करारातील अटी बदलण्याचे आदेश दिले. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने सुनावणीच्या प्रक्रियेतील दोषावरून तो आदेश रद्द केला. मार्च २०१७ मध्ये आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन तोच निष्कर्ष काढला, दंड मात्र ५९१.०१ कोटींवर आणला.

कोल इंडियाचा युक्तिवाद होता की राष्ट्रीयीकरण सार्वजनिक हितासाठी झाले असल्याने स्पर्धा कायदा तिला लागूच होत नाही. १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. हा निकाल दंडाच्या रकमेवर नव्हता, कायदा लागू होतो की नाही एवढ्यापुरताच होता. पण त्याचा अर्थ मोठा आहे : सरकारी मक्तेदारीनेही लादलेल्या अटी तपासल्या जाऊ शकतात.

याचा अर्थ प्रत्येक किमान खरेदीची अट गैरवापर ठरते असा नाही. गेलविरुद्ध औद्योगिक ग्राहकांनी ‘टेक ऑर पे’वरूनच केलेल्या तक्रारी आयोगाने २०१८ मध्ये गैरवापर आढळला नाही म्हणून बंद केल्या. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ च्या गुजरात बॉटलिंग प्रकरणात करार चालू असताना दुसऱ्या कंपनीचा माल न हाताळण्याची अट वैध मानली होती.

दुसरे हत्यार : कलम ७४

स्पर्धा कायदा बड्या विक्रेत्यापुढे उपयोगी. बुटीबोरी किंवा हिंगण्यातल्या लघुउद्योजकासाठी जवळचा कायदा म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली भरपाईची रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत ‘वाजवी’ वाटेल तेवढीच देते. २०१५ च्या कैलाशनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुकसान सिद्ध करता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध करावे लागते आणि नुकसानच झाले नसेल तर भरपाई नाही.

समजा, एका कारखान्याने महिन्याला १० टन औद्योगिक ऑक्सिजन घेण्याचा करार केला, पण मंदीमुळे ६ टनच घेतला. पुरवठादाराने उरलेल्या ४ टनांचे पूर्ण बिल पाठवले. तोच ऑक्सिजन त्याने शेजारच्या कारखान्याला त्याच भावात विकला असेल, तर त्याचे नुकसान फारच थोडे आहे. उलट त्याने या ग्राहकाच्या आवारात स्वतःच्या खर्चाने साठवण टाकी बसवली असेल आणि तिचा हप्ता किमान खरेदीतून वसूल व्हायचा असेल, तर त्याचा दावा बळकट होतो.

पुरवठादाराचा वकील म्हणेल की ही भरपाई नाही, माल राखून ठेवण्याची ठरलेली किंमत आहे. हा मुद्दा टिकण्याची शक्यता केव्हा जास्त? पैसे दिलेला माल पुढच्या महिन्यांत किंवा वर्षांत उचलण्याचा हक्क ग्राहकाला असेल तेव्हा. पैसेही गेले आणि मालही गेला, तर ती अट दंडासारखी दिसू लागते.

मर्यादा कुठे?

दोन गोष्टींवर भिस्त ठेवू नये. पहिली, महागाई. २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग प्रकरणात इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांना करारातून सूट मिळाली नाही. परवडत नाही, हे अपरिहार्य कारण नव्हे. दुसरी, वेळ. मोठ्या करारांत बँक हमी आधी वटवली जाते आणि वाद नंतर चालतो. कायदा ग्राहकाच्या बाजूने असला तरी पैसे बरीच वर्षे अडकतात. महानिर्मितीने तक्रार केल्यापासून फक्त कायदा लागू होतो हे ठरायला ११ वर्षे गेली.

म्हणून खरा बचाव न्यायालयात नाही, सहीपूर्वी आहे. आता व्यावसायिक खाणी सुरू होत आहेत, कोळशाचे विक्रेते वाढत आहेत आणि वाटाघाटीला जागा तयार झाली आहे. महानिर्मितीसारख्या सरकारी खरेदीदाराने ती वापरली पाहिजे. दोन्ही बाजूंची तूट एकाच पद्धतीने मोजावी. रेल्वेसारख्या तिसऱ्याच्या चुकीचा भार दोघांत वाटावा. पैसे दिलेला माल नंतर उचलता यावा. या तीन ओळी करारात नसतील, तर टक्केवारी कितीही आकर्षक असो, भट्टीत कागद घालून वीज तयार होत नाही.