‘सिक्युअर बूट बंद करून टाक’ : हा सल्ला आता बंद करा!

जळगाव असो की धुळे, लॅपटॉपवर लिनक्स टाकायला गेलं की एकच मंत्र ऐकू येतो. पेनड्राइव्ह चालत नाही? सिक्युअर बूट बंद कर. वायफाय लागत नाही? सिक्युअर बूट बंद कर. म्हणजे किल्ली सापडत नाही म्हणून दरवाजाच उखडून टाकायचा. वर त्याचेच पैसे घ्यायचे! मित्रांनो, या सल्ल्याविरुद्ध आज मी जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न आता घरोघरी आलाय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. २०१४-१५ चे हजारो लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. ते भंगारात द्यायचे, की उबंटू टाकून पोरांच्या अभ्यासाला लावायचे? दुसरा रस्ता शहाणपणाचा आहे. पण तिथेच हे सिक्युअर बूट आडवं येतं.

आधी ते काय आहे हे समजून घ्या. मशीन चालू होताना मदरबोर्डवरचा प्रोग्राम पुढच्या प्रोग्रामवरचा शिक्का तपासतो. कोणते शिक्के मान्य, याची यादी कारखान्यातच त्याच्या आत भरलेली असते. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये त्या यादीत मायक्रोसॉफ्टचे शिक्के असतात. उबंटूवाल्यांनी काय केलं? ‘शिम’ नावाचा एक छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून शिक्का मारून घेतला. त्या शिमच्या पोटात उबंटूचा स्वतःचा शिक्का आहे. मदरबोर्ड शिमला ओळखतो, शिम उबंटूच्या कर्नलला ओळखतो आणि कर्नल फक्त ओळखीच्या शिक्क्याचेच ड्रायव्हर आत घेतो. अशी साखळी आहे. म्हणून उबंटू, फेडोरा, डेबियनचा पेनड्राइव्ह बहुतेक मशीनवर सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतो. आर्चसारख्या, शिक्का न घेतलेल्या लिनक्सचा पेनड्राइव्ह मात्र अडतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये तर मायक्रोसॉफ्टने बाहेरच्यांसाठी ठेवलेला शिक्काच बंद करून येतो. तिथे सेटअपमध्ये ‘Allow Microsoft 3rd Party UEFI CA’ अशा नावाचा पर्याय चालू करायचा असतो. तेवढंच. सगळं सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

आता ड्रायव्हरचं बघू. धुळ्याच्या एका ओळखीच्या विद्यार्थ्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आला होता. आत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ वायफाय चिप. उबंटू व्यवस्थित बसलं, वायफायचा पत्ता नाही. या चिपला `wl` नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो त्याच मशीनवर तयार होतो. जो ड्रायव्हर तुमच्या घरी तयार झाला, त्याच्यावर उबंटूचा शिक्का कुठून येणार? हाताने चालू करून बघितलं तर उत्तर हे आलं:

```
$ sudo modprobe wl
modprobe: ERROR: could not insert 'wl': Key was rejected by service
```

हीच खूण लक्षात ठेवा. ‘Key was rejected’ दिसलं म्हणजे ड्रायव्हर खराब नाही, चिप मेलेली नाही. फक्त शिक्का ओळखीचा नाही. `mokutil --sb-state` दिलं की सिक्युअर बूट चालू आहे की नाही, तेही कळतं.

उपाय त्याच मशीनमध्ये पडलेला असतो. असा ड्रायव्हर टाकताना उबंटू त्या मशीनपुरती एक किल्ली स्वतः बनवतं आणि ड्रायव्हरवर तिचा शिक्काही मारतं. ती किल्ली ‘मालकाची’ म्हणून नोंदवायची तेवढी बाकी असते:

```
sudo mokutil --import /var/lib/shim-signed/mok/MOK.der
```

हा एक पासवर्ड विचारतो. साधी अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण तो एकदाच लागणार आहे. मग मशीन रीस्टार्ट करा. निळी स्क्रीन येईल. घाबरू नका, व्हायरस नाही तो! दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा, ‘Enroll MOK’ निवडा, ‘Continue’, मग ‘Yes’, तोच पासवर्ड टाका आणि रीबूट करा. नव्वद टक्के गडबड इथेच होते असं म्हटलं तरी चालेल. माणूस निळी स्क्रीन बघून दचकतो, ‘Continue boot’ वर एंटर मारतो आणि नोंदणी राहून जाते. मग वरची कमांड पुन्हा द्यावी लागते.

त्या पोराच्या लॅपटॉपवर रीबूटनंतर वायफाय लागलं. `modinfo -F signer wl` दिलं तर शिक्का मारणाऱ्याच्या जागी त्याच्याच मशीनचं नाव. पाच मिनिटांचं काम, भो! पुढे कर्नल बदलला की ड्रायव्हर नव्याने बनतो आणि त्याच किल्लीने शिक्काही लागतो. पुन्हा नोंदणी नाही.

“मग बंद केलं तर बिघडलं काय?” असं विचारणारे आहेत. बिघडतं ना. ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ ही आहे आणि त्याची डिस्क बिटलॉकरने बंद आहे, तिथे सिक्युअर बूट बंद केलं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की बहुतेकदा लॅपटॉप सुरू करताना दिलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आणि ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं असेल तर? बसा मग फोटो, प्रोजेक्ट, हिशेब सगळं दाराबाहेर उभं राहून बघत.

हेही खरं सांगतो की सिक्युअर बूट म्हणजे रामबाण नाही. ईमेलमधून आलेला व्हायरस ते अडवत नाही. तुमची किल्ली तुमच्याच डिस्कवर असते, म्हणजे ज्याच्या हातात `sudo` आहे तो तिने काहीही सही करू शकतो. पण कर्नलच्याही आधी कोणी घुसायला बघत असेल, तर त्याला अडवणारं हेच एक कुलूप आहे.

दुसऱ्या बाजूचे मित्र म्हणतात, हा सगळा मायक्रोसॉफ्टचा डाव आहे. त्यांची तक्रार अर्धी खरी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने शिम बाद ठरवले आणि दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स रातोरात बंद पडलं. मायक्रोसॉफ्टचा तो २०११ चा शिक्का जून २०२६ पर्यंतचाच. आधी मारलेल्या शिक्क्यांवर मशीन चालत राहतात, पण पुढचे शिम २०२३ च्या शिक्क्याचे येणार आणि ज्या जुन्या मशीनच्या यादीत तो नाही, तिथे ते अडणार. आपल्या लॅपटॉपच्या दाराची यादी अमेरिकेतली एक कंपनी ठरवते, हे मलाही पटत नाही. पण त्याचं उत्तर कुलूप तोडणं नाही. आपली किल्ली नोंदवण्याचा हक्क मागणं, हे उत्तर आहे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. शाळा, कॉलेज, ग्रामपंचायत, जे कोणी सरकारी पैशाने संगणक घेतील, त्यांनी खरेदीच्या अटींत तीन ओळी घालाव्यात. सेटअपचा पासवर्ड पुरवठादाराने लेखी द्यावा. बाहेरच्या शिक्क्याचा पर्याय आणि मालकाची किल्ली नोंदवण्याची सोय चालू असावी. बिटलॉकरची की संस्थेच्याच ताब्यात असावी. एक रुपयाचा जादा खर्च नाही.

आणि उद्या कोणी तुम्हाला म्हणालं “बंद करून टाक”, तर त्याला एवढंच विचारा: दादा, `mokutil` येतं का तुला?

पोस्ट शेअर करा, तुमच्या तालुक्यातल्या लॅबपर्यंत पोहोचू द्या.