पुस्तक फुकट आहे, पण फाईल कोणती घ्यायची?

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन दिवसांनी एखादं पुस्तक पीडीएफ होऊन येऊन पडतं. लोक उत्साहानं उघडतात, दोन पानं बोटानं मोठी-लहान करत वाचतात आणि सोडून देतात. मग म्हणतात, "मोबाईलवर वाचणं काही जमत नाही बुवा." माझं म्हणणं असं की दोष मोबाईलचाही नाही न् वाचणाऱ्याचाही नाही. फाईल चुकीची आहे.

हिशोब साधा आहे. पीडीएफ म्हणजे छापायचं पान. ए-४ कागद २१ सेंटीमीटर रुंद, आपल्या मोबाईलचा पडदा जेमतेम ७. म्हणजे अक्षर एक तृतीयांश होतं. १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं दिसतं. साठीतल्या माणसानं ते वाचावं कसं?

ईपबमध्ये पान ठरलेलं नसतं. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं जुळतात, बाजूला सरकवत बसावं लागत नाही. अँड्रॉइडवर गुगल प्ले बुक्स किंवा रीडएरा, आयफोनवर त्यातलंच बुक्स अॅप ही फाईल उघडतं.

आता उदाहरण घेऊ. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चा. आपल्या कापूसवाल्या मुलखानं तर वाचायलाच पाहिजे असा. मराठी विकिस्रोतावर (mr.wikisource.org) तो आहे. तिथं पुस्तकाचं नाव शोधा आणि मुखपृष्ठाच्या पानावरूनच डाउनलोड करा. एखाद्या प्रकरणाच्या पानावरून केलं तर तेवढंच प्रकरण हाती येतं. फाईल उघडल्यावर आधी अनुक्रमणिका पाहा, सगळी प्रकरणं आहेत का ते तिथंच कळतं. प्रकरण गायब असेल तर बहुतेकदा मुख्य पानावर त्याचा दुवाच दिलेला नसतो.

डाउनलोड करताना ईपब, मोबी, पीडीएफ असे पर्याय दिसतात. मोबाईल किंवा टॅब असेल तर ईपब घ्या. किंडल असेल तरी ईपबच घ्या, फक्त ते अॅमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सोयीनं पाठवा. केबलनं नुसतं कॉपी केलेलं ईपब किंडलच्या यादीत दिसतच नाही आणि माणसाला वाटतं फाईल खराब आहे. मोबी हा जुना प्रकार. सेंड टू किंडलमधून अॅमेझॉननं तो आता काढून टाकला आहे. इंटरनेट नसलेल्या जुन्या किंडलमध्ये केबलनं टाकायचं असेल, तेवढ्यापुरताच तो कामाचा.

पीडीएफ कागदासाठी ठेवा. घरी आजोबांना पडदा नकोच असेल तर ए-५ मापाची पीडीएफ घ्या आणि झेरॉक्सवाल्याला 'बुकलेट, दोन्ही बाजूंनी' असं सांगा. एका ए-४ कागदावर चार पानं बसतात. १२० पानांचं पुस्तक ३० कागदांत होतं, मधून दुमडलं की वही तयार.

एक गोष्ट मात्र तपासा. काही पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो असतात. शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही तर तो बहुतेक फोटोच समजा. अशा फाईलचं चांगलं ईपब आपोआप होत नाही, आधी मशीननं अक्षरं ओळखावी लागतात आणि त्यात काना-मात्रेच्या चुका राहतात. विकिस्रोतावर स्वयंसेवक मूळ पान शेजारी ठेवून त्या दुरुस्त करतात. पान लाल असेल तर तपासणी बाकी आहे, पिवळं म्हणजे एकदा झाली, हिरवं म्हणजे दुसऱ्या माणसानंही पाहिलं. लाल पानांचं पुस्तक घेतलं तर चुकांचा दोष फुल्यांना देऊ नका!

"मग ग्रामगीता का नाही?" असं मोझरीकडचे मित्र विचारतील. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे या हिशोबानं त्यांचं लेखन १ जानेवारी २०२९ ला सर्वांसाठी खुलं होईल. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं २०११ लाच झालं. ग्रुपवर येणाऱ्या हयात लेखकांच्या पीडीएफ या हिशोबात बसत नाहीत, त्या पुढं ढकलू नका.

अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांना आणि अभ्यासिकांना माझी एकच मागणी आहे. फुकट पुस्तकांच्या पीडीएफचा ढीग वाटू नका. हक्क संपलेली, तपासलेली वीसच पुस्तकं निवडा, त्यांची ईपब काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर ठेवा आणि येणाऱ्याला आधी विचारा, "कशावर वाचता?" ज्याच्याकडं काहीच नाही, त्याच्यासाठी ३० कागदांची वही ठेवा.

तुमच्या गावच्या वाचनालयात असं कोणी करत असेल तर खाली लिहा.