झोपेतून उठवणारा जुलाब

धुळ्याच्या खालांचे दुखणे आम्हाला कळले ते चादरीमुळे. गेल्या रमजानमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही जळगावहून एसटीने त्यांच्याकडे चार दिवस गेलो होतो. सहरीला उठलो तेव्हा खाला मोरीत बसून चादर धूत होत्या. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. "आत्ता कशाला धुता?" विचारले तर म्हणाल्या, "चाय गिर गई बेटा." रात्री साडेतीनला चहा कोण पिते, हा प्रश्न आम्ही तेव्हा गिळला. दुसऱ्या रात्रीही चादर धुतली गेली. तिसऱ्या दिवशी सून घरात नाही हे पाहून खालांनी सांगितले की चार महिने असे चालले आहे. रात्री एक-दोनच्या सुमारास झोपेतून पोट उठवते, संडासापर्यंत पोचेपर्यंत वेळ मिळत नाही, कधी कधी झोपेतच होऊन जाते. पोटात दुखत नाही, रक्त नाही, ताप नाही. नुसते पाणी. "उमर का है," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणायच्या, दोन दिवस बरे वाटायचे, पुन्हा सुरू.

खाला अठ्ठावन्न वर्षांच्या, साखरेचा आजार सोळा वर्षांपासून. आम्ही त्यांना घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आम्ही कधी ऐकला नव्हता: "तुम्हाला जाग येते आणि मग संडासला लागते, की संडास लागल्यामुळे जाग येते?" आम्हाला वाटले, यात फरक काय? खाला मात्र लगेच म्हणाल्या, "संडास लागल्यामुळे. कधी कधी जाग येण्याच्या आधीच." डॉक्टरांनी लिहिणे थांबवून खालांकडे पाहिले.

हा फरक त्यांनी समजावला तो असा. माणूस झोपतो तेव्हा मोठे आतडेही बरेचसे झोपते. त्याच्या हालचाली मंदावतात. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर ते जागे होते, म्हणून बहुतेकांना सकाळच्या चहानंतर संडासला जावे लागते. आता ज्यांच्या पोटाचा त्रास आतड्याच्या हालचालीचा आणि हळवेपणाचा असतो, म्हणजे परीक्षेच्या आधी, प्रवासाच्या आधी, सासरच्या माणसांसमोर ज्यांचे पोट बिघडते, त्यांचे जुलाब दिवसा होतात, जेवणानंतर होतात, सकाळी चार वेळा होतात. पण आतडे झोपले की त्रासही झोपतो. आमच्याच शाळेत एक सहकारी आहेत. तपासणीला साहेब येणार असले की सकाळपासून तीन खेपा. रात्री मात्र गाढ झोप. त्यांचा त्रास खोटा नाही, पण त्यात आतड्याला इजा झालेली नसते.

इजा झालेल्या आतड्याला मात्र घड्याळ कळत नाही. आपल्या लहान आतड्यात दिवसभरात सुमारे 9 लिटर पाणी येते. त्यातले 2 लिटर आपण खातो-पितो त्यातून आणि उरलेले लाळ, जठररस, पित्त अशा शरीराच्याच रसांतून. यातले बहुतेक सगळे पुन्हा शोषले जाते आणि शेवटी जेमतेम पेलाभर पाणी मळातून बाहेर पडते. आतड्याच्या अस्तराला सूज आली, जखमा झाल्या, किंवा हे शोषण्याचे काम चालवणाऱ्या नसाच बिघडल्या, की पाणी आत साचत राहते. ते दुपारी दोनला साचते तसेच रात्री दोनलाही साचते. म्हणून झोपेतून उठवणारा जुलाब दिसला की डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवत नाहीत, कारण शोधतात.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. लग्नातले जेवण बाधले आणि एका रात्री चार-पाच वेळा उठावे लागले, तर ती ही गोष्ट नव्हे. तो संसर्ग असतो. मीठ-साखरेचे पाणी घेत राहिले की बहुधा दोन-तीन दिवसांत निवळतो. मात्र तांदळाच्या पेजेसारखे पाणी सतत पडू लागले, लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा. आम्ही ज्याबद्दल बोलतो आहोत तो जुलाब आठवड्यांमागून आठवडे टिकतो आणि पुन्हा पुन्हा झोप मोडतो. तसेच ज्याला काळजीने झोपच लागत नाही आणि जागा आहे म्हणून जो दोनदा जाऊन येतो, तोही यात मोडत नाही. डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्यासाठीच होता.

रमजानमध्ये हा घोळ आणखी वाढतो, कारण आपले जेवण रात्रीकडे सरकते. इफ्तारला भजी, दुधाचे सरबत, वर फळे, मग तरावीहनंतर पुन्हा काहीतरी. ज्यांना दूध पचत नाही त्यांचे पोट रात्री दहा-अकराला गुडगुडते आणि पातळ होते. साखरेच्या रुग्णांसाठी म्हणून जी 'शुगर फ्री' मिठाई मिळते तिच्यात सॉर्बिटॉल नावाचा गोड पदार्थ अनेकदा असतो. तो आतड्यात नीट शोषला जात नाही आणि पाणी ओढतो. पण हा सगळा त्रास खाण्याला बांधलेला असतो. खाणे थांबले की तोही थांबतो. खालांनाही डॉक्टरांनी विचारले, "रोजा असताना दिवसभर पोटात काही नसते, तेव्हा जुलाब होतात का?" खाला म्हणाल्या, "असरच्या वेळेलाही झाला आहे." बारा तास पोट रिकामे असूनही पाणी येते, म्हणजे ते ताटातून येत नाही, आतड्यातूनच सुटते. दवाखान्यात हीच परीक्षा रुग्णाला दाखल करून, सलाईन लावून घेतात. साखरेच्या रुग्णाने ती घरी मुद्दाम करून पाहू नये. साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. खालांचे राहिलेले रोजे डॉक्टरांनी बंद करायला सांगितले. त्या रडल्या. आजाऱ्याला सवलत आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते, तरी रडल्या.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय औषधावर. साखरेची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे चांगली चाललेली असते आणि तरी कधी कधी मागाहून जुलाब लावते. डॉक्टरांनी ती बंद करून दुसरे औषध दिले आणि दोन आठवडे वाट पाहिली. (ही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, साखर चढते.) खालांच्या रात्री तशाच गेल्या. मग मळाची तपासणी झाली. त्यात रक्त नाही, पू नाही, जंत नाहीत. थायरॉइडची तपासणी झाली, कारण ती ग्रंथी जास्त काम करू लागली तरी जुलाब होतात. ती ठीक. गहू न सोसण्याच्या, म्हणजे सिलिॲक आजाराची, रक्ततपासणी झाली. तीही ठीक. त्यावर खालांचे म्हणणे, "आम्ही ज्वारी-कळण्याची भाकरी खाणारे, आम्हाला गव्हाचे काय होणार!" पण सकाळची पोळी आणि इफ्तारचे समोसे त्या मोजत नव्हत्या. शेवटी दुर्बिणीने मोठे आतडे तपासले आणि दिसायला ते चांगले असूनही तीन-चार ठिकाणचे लहान तुकडे तपासायला पाठवले. हे का, असे आम्ही विचारले. मध्यम आणि उतार वयाच्या बायकांत एक सूज अशी असते जी दुर्बिणीत दिसत नाही, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तिच्यातही रात्री पाण्यासारखे जुलाब होतात. खालांमध्ये तीही निघाली नाही.

उत्तर पायांत सापडले. डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक दोरा खालांच्या तळव्यांना टेकवला. खालांना काही कळले नाही. झोपवून रक्तदाब घेतला तर वरचा आकडा 150, उभे करून घेतला तर 118. उठल्यावर चक्कर येते हे त्यांनी अशक्तपणावर ढकलले होते. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 10.4 होता. तो साधारण 7 च्या आसपास असावा लागतो. सोळा वर्षांच्या चढ्या साखरेने पायांच्या नसा जशा बधिर केल्या तशाच आतड्याच्या नसाही बिघडवल्या होत्या. रक्तदाब सांभाळणाऱ्या, आतडे हलवणाऱ्या आणि गुदद्वार आवळून धरणाऱ्या नसा त्याच जातीच्या. म्हणून झोपेत ताबा सुटत होता. खालांनी जिला वयाची लाज मानले होते, ती साखरेची खूण होती.

आतडे सुस्त झाले की लहान आतड्यात जंतू माजतात आणि तेही पाणी सोडायला लावतात. म्हणून आधी आतड्यातच राहून काम करणारे जंतुनाशक दोन आठवडे दिले. त्याने निम्मा फरक पडला. इन्सुलिन सुरू झाले. रात्री झोपताना जुलाब आवरणारी गोळी ठरवून दिली. गंमत अशी की ती खाला आधी दुकानातून आणत होत्या तीच होती, फक्त आता आतड्यात सूज वा संसर्ग नाही हे पाहून दिली होती. रक्त किंवा ताप असताना ही गोळी घेतली तर आजार आत कोंडला जातो. बिघडलेल्या नसा पूर्ण पूर्ववत होत नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. खालांच्या आठवड्यातून एखाद-दुसरी रात्र अजून वाईट जाते. पण रोजच्या चादरी थांबल्या आहेत.

प्रत्येक घरात उत्तर साखरेचेच निघेल असे नाही. तरुण मुलगा किंवा मुलगी रात्री उठू लागली, मळात रक्त आणि शेंब दिसू लागली, तर आतड्याच्या जखमांचा आजार, कोलायटिस, बघावा लागतो. संध्याकाळचा ताप, उतरते वजन आणि उजव्या बाजूला खाली दुखणे असेल तर आतड्याच्या टीबीचा विचार होतो, तो आपल्याकडे कमी नाही. इथे घाई दोन्हीकडून नडते. टीबीसारखाच दिसणारा क्रोन्स नावाचा आजार आहे आणि त्याचे औषध, स्टेरॉइड, टीबीत दिले तर टीबी भडकतो. म्हणून दुर्बिणीतून तुकडा काढून तपासा, नुसत्या अंदाजावर उपचार सुरू करू नका, असा आग्रह घरच्यांनी धरायला हरकत नाही. धुळ्यात आणि जळगावात दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि टीबीची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आम्ही खालांकडून एक काम करून घेतले होते, ते उपयोगी पडले. शाळेच्या जुन्या वहीत सात दिवस लिहायचे: किती वाजता झोपल्या, किती वाजता पोटाने उठवले, शेवटचे खाणे कधी आणि काय, रक्त दिसले का, कपडे खराब झाले का. शेवटचा रकाना खालांनी पहिले दोन दिवस कोराच ठेवला. तिसऱ्या दिवशी सुनेने वही पाहिली. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तिने खालांचे अंथरूण संडासाजवळच्या खोलीत हलवले, गादीवर मेणकापड घातले आणि रकाना स्वतः भरू लागली.