पिशवी लावलेल्या माणसाचा वुजू

या महिन्याचा मसअला नरसिंहपूरच्या एका घरातून आला. नीरा आणि भीमा जिथं मिळतात, त्या संगमापासून थोडं अलीकडं हे घर. चाचांनी आयुष्यभर कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवला. पावसाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात-पाय गेला. लघवी अडली म्हणून डॉक्टरांनी नळी घालून पिशवी लावली. तेव्हापासून त्यांनी नमाज सोडली होती. "सर, चोवीस तास मूत अंगाला लागलेलं, मी कसला पाक? कुठल्या तोंडानं अल्लाहपुढं उभा राहू?" असं ते म्हणाले. चाचींनी पडद्याआडून सांगितलं, "अजान झाली की हे भिंतीकडं तोंड करून पडून राहतात."

असे आजारी आता पुष्कळ घरांत आहेत. म्हणून नमाजसाठी वुजू कसा करायचा, कशानं तुटतो आणि माजूर माणसाला कुठवर सवलत आहे, हे चाचांच्याच दिवसावरून पाहू. सांगतोय तो हनफी मसअला. शाफई घरांसाठी शेवटी दोन शब्द आहेत.

पहिली गोष्ट, वुजूत फर्ज फक्त चार आहेत आणि ती सूरह माइदाच्या सहाव्या आयतीत आली आहेत: चेहरा धुणं, कोपरांसकट हात धुणं, डोक्याचा मसह, घोट्यांसकट पाय धुणं. मसह म्हणजे ओला हात फिरवणं, आणि आपल्याकडं डोक्याचा चौथा भाग ओला झाला की फर्ज होतं. बिस्मिल्लाह म्हणणं, मनगटापर्यंत हात धुणं, चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, कानांचा मसह, प्रत्येक अवयव तीनदा धुणं, ही सगळी सुन्नत आहे. निरोग्यानं ती सोडू नये. पण ज्याला दोन मिनिटं बसलं तरी धाप लागते, त्यानं प्रत्येक अवयव एकदा धुतला तरी वुजू पूर्ण झाला. पाणीही फार लागत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापानं पाऊण लिटरच्या आसपास. एक तांब्या, खाली पसरट घमेलं, अंगावर टॉवेल, एवढ्यात खाटेवर वुजू होतो.

चाचांचा डावा हात चालतो. म्हणजे चेहरा आणि मसह ते स्वतः करतील. उजवा हात, डावं कोपर आणि पाय चाचींनी किंवा मुलानं पाणी ओतून चोळून द्यावेत. यात काही कमीपणा नाही, वुजू त्यांचाच होतो. लुळा पडलेला हातसुद्धा धुवावा लागतो, कारण तो अंगाला आहे. ज्याचा हात कडबाकुट्टीत कोपराच्या वर तुटला, त्याच्यावर त्या हाताचं धुणं उरत नाही. कोपराखाली तुटला असेल, तर उरलेला भाग धुवायचा. पायाचं तसंच, घोट्याच्या हिशोबानं. घोट्याच्या वर पाय कापला असेल, तर कृत्रिम पाय काढून धुण्याची किंवा त्यावर मसह करण्याची गरज नाही.

लोक घाईनं तयम्मुम सांगतात, तिथं मात्र थांबावं. पाणी आहे, कोमट करता येतं, देणारं माणूस घरात आहे आणि पाण्यानं आजार वाढत नाही, तोवर तयम्मुम चालत नाही. डॉक्टरांनी पाणी वर्ज्य केलं असेल, किंवा माणूस एकटा असेल आणि पाण्यापर्यंत पोचूच शकत नसेल, तर तयम्मुम आहे. कच्ची वीट, मातीची भिंत, दगड, असं काही जवळ ठेवावं. नियत करून दोन्ही तळवे एकदा मारून चेहऱ्यावर फिरवायचे, पुन्हा मारून कोपरांपर्यंत हातांवर फिरवायचे. एकच हात चालत असेल, तर दुसऱ्याची मदत घ्यावी.

चाचांच्या टाचेला पडून पडून जखम झाली आहे. त्यावर पट्टी आहे. ती दर वुजूला सोडायची नाही. पाय बाकी ठिकाणी धुवायचा आणि पट्टीच्या अर्ध्याहून जास्त भागावर ओला हात एकदा फिरवायचा. याला मुदत नाही, जखम भरेपर्यंत चालतो. पट्टी बदलली म्हणून मसह तुटत नाही. जखम भरून पट्टी निघाली, की मात्र ती जागा धुवावी लागते. आजूबाजूलाही पाणी लावू नये असं डॉक्टर म्हणाले असतील, तर तितक्या भागावरही मसहच.

आता मूळ प्रश्न. नळीतून पिशवीत गेलेली लघवी अंगातून बाहेर पडलेलीच धरतात, त्यामुळं साध्या नियमानं वुजू क्षणोक्षणी तुटतो. मग चाचांनी करायचं काय? शरीअतनं अशा माणसाला माजूर म्हटलंय. याचा आधार जुना आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांचं रक्त थांबत नव्हतं. त्यांनी प्रेषितांना विचारलं, मी नमाज सोडू का? उत्तर मिळालं की नाही, हे पाळीचं रक्त नाही, रगेचं आहे. पाळीचे दिवस सोडून नमाज पढत जा, आणि प्रत्येक नमाजसाठी वुजू कर. चाचांनी मला जो प्रश्न विचारला, तो एका बाईनं चौदाशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता.

पण माजूर कोण, याची कसोटी आहे. एका नमाजच्या पूर्ण वक्तात, वुजू करून फक्त फर्ज पढता येईल एवढीही सवड मिळाली नाही, तर माणूस माजूर ठरतो. डिसेंबरअखेर आपल्याकडं जोहर साधारण साडेबाराला सुरू होते आणि साडेचारच्या सुमारास अस्र लागते. या चार तासांत दहा मिनिटं कोरडी मिळाली नाहीत, तर कसोटी लागली. चाचांची नळी अखंड वाहते, म्हणून त्यांच्याबाबत शंकाच नाही.

लघवीनंतर पंधरा मिनिटं थेंब येणारा मात्र माजूर नाही. त्यानं नमाजच्या बऱ्याच आधी लघवीला जाऊन यावं, थोडं चालावं, खोकावं, कोरडं झाल्यावर वुजू करावा. घडी किंवा कापूस ठेवून थेंब थांबत असेल, किंवा बसून पढल्यानं थांबत असेल, तर तसं करणं लाजिम आहे, आणि मग तोही माजूर नाही. माझ्या पाहण्यात जास्त गोंधळ इथंच होतो. काही जण दोन थेंबांवर स्वतःला माजूर म्हणवतात, आणि खरे माजूर चाचांसारखे भिंतीकडं तोंड करून पडतात.

माजूर ठरल्यावर काय? वक्त लागल्यावर एक वुजू करायचा. त्या वक्तात फर्ज, सुन्नत, नफील, कजा, कुरआनला हात लावणं, सगळं त्याच वुजूवर चालतं. लघवी वाहत राहिली तरी चालतं. वक्त संपला की वुजू संपला. फज्रचा वुजू सूर्य उगवताच जातो. अस्रसाठी जोहरच्या वेळेतच केलेला वुजू अस्र लागताच जातो. एक बारकावा कामाचा आहे: सूर्योदयानंतर जोहरपर्यंत कुठल्याही फर्ज नमाजचा वक्त नाही. म्हणून सकाळी अकराला केलेला वुजू जोहर लागली तरी जात नाही, जोहर संपेपर्यंत टिकतो. शुक्रवारी चाचांना अकराला घरी तयार करून सावकाश मशिदीत नेता येईल. तिथं हौदावर धडपड नको.

सवलत आहे ती फक्त त्या एका कारणापुरती. पोटातला वारा सरला, आडवं पडून झोप लागली, तोंडभर उलटी झाली, किंवा टाचेच्या जखमेतून रक्त-पू वाहिला, तर माजूराचाही वुजू तुटतो आणि पुन्हा करावा लागतो. पिशवीबद्दल घाबरायचं कारण नाही. नमाजआधी तळाच्या तोटीतून ती रिकामी करावी. पाकीच्या हौसेनं नळी आणि पिशवीची जोडणी मात्र दरवेळी सोडू नये, तिथूनच जंतू आत जातात. पिशवी कायम पोटाच्या खालच्या पातळीला हवी. खाटेवर, मांडीवर ठेवली तर लघवी मागं फिरते. खुर्चीवर किंवा खाटेवर बसून इशाऱ्यानं पढताना ती कडेला खाली लटकू द्यावी. कपड्याला लागलं आणि बदलला तरी नमाज संपायच्या आत पुन्हा लागणारच असेल, तर तो धुणं लाजिम नाही. कोरडा राहणार असेल तर बदलावा.

पुढं नळी निघेल, इन्शाअल्लाह. तेव्हाचा हिशोब आताच लिहून ठेवतो. समजा सोमवारी सकाळी नळी काढली. जोहरच्या वेळात एकदा थेंब आला, अस्रलाही एकदा आला. चाचा अजून माजूरच, कारण एकदा माजूर ठरल्यावर प्रत्येक वक्तात एकदा येणंही पुरे असतं. मग्रिबला, समजा सहा-पाचपासून इशाची वेळ लागेपर्यंत, एकही थेंब आला नाही. तिथं सवलत संपली. पुढं इशात थेंब आला तर वुजू तुटला, नेहमीच्या माणसासारखा.

शाफई घरांत, विशेषतः कोकणातून आपल्याकडं सून म्हणून आलेल्या भगिनींसाठी: तुमच्याकडं वुजूत नियत आणि क्रम हीसुद्धा फर्ज आहेत, आणि माजूरानं वक्त लागल्यानंतर प्रत्येक फर्ज नमाजसाठी वेगळा वुजू करायचा आहे. जखमेच्या रक्तानं तुमच्याकडं वुजू तुटत नाही. तेव्हा अकराच्या वुजूची वरची सोय तुम्ही घेऊ नका.

चाचांनी मधल्या महिन्यांतल्या सुटलेल्या नमाजांचं विचारलं. त्या कजा करायच्या आहेत, वितरसह. चाची कॅलेंडरवर खुणा करतात. रोज प्रत्येक फर्जबरोबर त्याच वक्ताची एक जुनी, असं चाललंय, आणि माजूराच्या एका वुजूवर दोन्ही होतात. परवा गेलो तेव्हा घमेलं खाटेखाली होतं आणि सत्तावीस दिवस फिटले होते.